जामीन फेटाळल्यावर पुन्हा अर्ज करताना : ‘बदललेली परिस्थिती’ म्हणजे नेमकं काय

जामीन अर्ज फेटाळला गेला की घरचे वकिलाला पहिल्यांदा विचारतात, “आता परत कधी टाकायचा?” हा प्रश्न थोडा थांबवा. आधी निकालाची प्रत हातात घ्या आणि अर्ज का फेटाळला ते वाचा. दुसऱ्या अर्जाचं सगळं गणित त्या तीन-चार पानांवर ठरतं. तरी बहुतेक घरांमध्ये ती पानं कुणी नीट वाचलेलीच नसतात. “जज साहेबांनी नाही म्हटलं” एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

जामिनाच्या आदेशाने दरवाजा कायमचा बंद होत नाही, त्यामुळे पुन्हा अर्ज करता येतो. पण पहिल्या वेळी होती तीच कागदपत्रं आणि तोच युक्तिवाद घेऊन गेलात, तर ते आधीच्या आदेशाचं पुनर्विलोकन मागितल्यासारखं होतं आणि तो अधिकार त्या न्यायालयाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली महाराष्ट्र शासन विरुद्ध कॅप्टन बुद्धिकोट सुब्बा राव या मुंबईच्याच प्रकरणात ही रेष आखली. बदल ठोस असावा, आधीच्या निर्णयावर थेट परिणाम करणारा असावा. वरवरचा बदल चालणार नाही. पुढे २००५ मध्ये कल्याणचंद्र सरकार प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की बदल वस्तुस्थितीत असू शकतो किंवा कायद्यातही, पण तो असा हवा की आधीचा निष्कर्ष आता लागू राहत नाही.

म्हणजे बदल मोजायचा तो आधीच्या आदेशातल्या कारणांशी. एकच घटना एका प्रकरणात मोठा बदल ठरते आणि दुसऱ्यात काहीच नाही, त्याचं कारण हेच.

या लेखात भारतीय न्याय संहितेखालचे नेहमीचे गुन्हे आणि सत्र न्यायालयातला दुसरा अर्ज एवढाच भाग घेतला आहे. मकोका, एनडीपीएस, पीएमएलए, यूएपीए या कायद्यांत जामिनाच्या जादा अटी आहेत. तिथे बदल त्या अटींपर्यंत पोचावा लागतो किंवा खटल्याला झालेल्या प्रदीर्घ विलंबाचा मुद्दा घ्यावा लागतो, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा.

आधी हे तपासा : तुम्हाला बदल दाखवायची गरज आहे का?

अर्ज दंडाधिकाऱ्यांनी फेटाळला असेल आणि तुम्ही पहिल्यांदाच सत्र न्यायालयात जात असाल, तर बदललेली परिस्थिती दाखवावी लागत नाही. सत्र न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली (जुनं ४३९) स्वतंत्रपणे विचार करतं. सत्र न्यायालयाने नाकारल्यावर पहिल्यांदा उच्च न्यायालयात जातानाही तेच. खालचा आदेश जोडायचा, तो का चुकला ते सांगायचं, बस्स. बदलाचा प्रश्न येतो तो त्याच न्यायालयात परत जाताना, किंवा उच्च न्यायालयाने नाकारल्यावर पुन्हा सत्र न्यायालयात उतरताना. या दुसऱ्या प्रकारात फार जपून चाला. वरच्या न्यायालयाचा नकार समोर असताना खालचे न्यायाधीश सहजासहजी हात घालत नाहीत, आणि घालूही नये.

दुसरी तपासणी दिवसांची. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही, तर कलम १८७(३) खाली मिळणारा जामीन हा हक्क आहे. तिथे आधी अर्ज फेटाळला गेला होता की नाही याला काही अर्थ उरत नाही. फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मोजणी अटकेच्या तारखेपासून होत नाही; पहिल्या रिमांडच्या दिवसापासून होते आणि तो दिवसही धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण मुदत संपल्यावर अर्ज करून ठेवला नाही आणि दरम्यान दोषारोपपत्र दाखल झालं, तर हक्क गेला. म्हणून ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा, आणि त्या सकाळी अर्ज तयार असू द्या.

तिसरं, पहिला अर्ज खरंच फेटाळला गेला का, की वकिलाने मागे घेतला? रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या प्रत्येक तारखेच्या नोंदीत, बघा. मागे घेतलेल्या अर्जात न्यायालयाने गुणदोषांवर मत दिलेलं नसतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी ओझं हलकं असतं. तरी तो अर्ज उघड करणं तितकंच बंधनकारक आहे.

आदेशातली कारणं वेगळी काढा

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की आदेश अनेकदा दिसतो आणि वाचायला तो पुरे होतो. अर्जासोबत जोडायला मात्र प्रमाणित प्रतच बरी.

आदेशाचा पहिला भाग फिर्यादीची हकीकत सांगतो, मग दोन्ही बाजूंचं म्हणणं येतं. न्यायालयाची स्वतःची कारणं शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांत असतात. ती साधारण चार जातींची असतात : गुन्ह्यात सहभाग प्रथमदर्शनी दिसतो, तपास अपुरा आहे, आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल किंवा पळून जाईल, गुन्हा गंभीर आहे. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक कारण न्यायाधीशांच्याच शब्दांत उतरवा आणि समोर जागा सोडा. त्या जागेत फक्त आदेशाच्या तारखेनंतर घडलेली किंवा नंतर हाती आलेली गोष्ट लिहायची, आणि तिच्याशेजारी ती कुठल्या कागदावरून सिद्ध होते ते.

जागा रिकाम्या राहिल्या, तर अजून अर्जाची वेळ आलेली नाही. हे घरच्यांना सांगणं जड जातं, पण सांगायला हवं. पायाच नसलेले तीन अर्ज टाकले की प्रत्येक नकार पुढच्या फायलीत जोडला जातो, आणि खरा बदल घडतो तेव्हा न्यायाधीशांसमोर आधी नकारांचीच चळत येते.

कोणता बदल टिकतो, कोणता टिकत नाही

सगळ्यात जास्त अर्ज “दोषारोपपत्र दाखल झालं” या एका वाक्यावर टाकले जातात आणि त्यातले बरेच पडतात. पहिला अर्ज ‘तपास चालू आहे, पुराव्यात ढवळाढवळ होईल’ म्हणून फेटाळला असेल, तर दोषारोपपत्र हा खरा बदल आहे, कारण ते कारणच संपलं. पण ‘चाकू मारणारा हाच, साक्षीदार तसं सांगतात’ म्हणून फेटाळला असेल, तर दोषारोपपत्राने आरोप उलट पक्का झाला असं सरकारी वकील म्हणणार, आणि सर्वोच्च न्यायालयाने विरुपाक्षप्पा गौडा प्रकरणात, २०१७ मध्ये, तसंच म्हटलेलं आहे. अशा वेळी दोषारोपपत्र *आलं* हे सांगून भागत नाही. त्याच्या आत काय निघालं ते दाखवावं लागतं : जखमीचा जबाब, इजा प्रमाणपत्र, कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल, ओळख परेडचं मेमोरंडम, सीसीटीव्हीचा पंचनामा. यातला एखादा कागद फिर्यादीच्या गोष्टीशी जुळत नसेल तर बदल तो आहे. आणखी एक जागा बघून ठेवा. दोषारोपपत्रात कुणी आरोपी फरार दाखवला असेल किंवा कलम १९३(९) खाली पुढचा तपास चालू असल्याचा उल्लेख असेल, तर तपास अधिकारी ‘तपास अजून संपलेला नाही’ असं म्हणणारच. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

सहआरोपीला जामीन मिळाला, हा दुसरा नेहमीचा आधार. इथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, त्याचा जामीन तुमच्या नकारानंतरचा आहे का. आधीचा असेल तर तो पहिल्या वेळीच न्यायालयासमोर होता. दुसरी, त्याला जामीन कशावर मिळाला. आजारपणावर किंवा ९० दिवस उलटल्यामुळे सुटला असेल, तर त्यातून तुम्हाला समानता मिळत नाही. त्याची भूमिका तुमच्याएवढी किंवा तुमच्याहून जड असेल तरच मुद्दा उभा राहतो. त्यासाठी त्याचा आदेश पूर्ण वाचा. ‘याच्याकडे हत्यार नव्हतं’ असं एखादं वाक्य त्यात असतं आणि तेच तुमच्या विरोधात वापरलं जातं.

विलंबाबद्दल मोठा गैरसमज आहे. “सहा महिने झाले, आता मिळायला हवा” असं काही नसतं. दिवस गेले यापेक्षा खटला हलला नाही हे महत्त्वाचं, आणि ते रोजनाम्यावरूनच सिद्ध होतं. दोषारोप निश्चित झाल्यापासूनच्या सगळ्या तारखांचा रोजनामा काढा. प्रत्येक तारीख का पुढे गेली ते लिहा : आरोपीला तुरुंगातून हजर केलं नाही, सरकारी साक्षीदार आला नाही, न्यायाधीशांचं पद रिकामं होतं, की आपल्याच वकिलाने मुदत मागितली. शेवटच्या रकान्यात बऱ्याच तारखा पडल्या तर हा मुद्दा घेऊ नका, समोरचा पक्ष तोच रोजनामा वाचून दाखवेल. मग दोषारोपपत्रातले साक्षीदार किती आणि तपासले किती हे मांडा. ‘४२ पैकी २ झाले’ हे वाक्य कोणत्याही भावनिक परिच्छेदापेक्षा जास्त काम करतं.

कलम ४७९ वेगळं आहे. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ, आत काढला असेल तर त्याखाली सुटका मागता येते. पण फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला ते लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तरी अडतं.

आजारपणात नुसतं खासगी डॉक्टरांचं पत्र चालत नाही. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल मागवा. न्यायालयाला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की हा उपचार तुरुंगात राहून किंवा जे. जे. रुग्णालयात नेऊन होऊ शकतो का. होऊ शकत असेल तर बदल कमजोर.

वकील बदलला, घरात लग्न आहे, आई रडते आहे, कर्जाचे हप्ते थकले, हे खरं असलं तरी दुसऱ्या नियमित जामिनाचा आधार होत नाही. अगदी निकडीच्या घरगुती कारणासाठी थोड्या दिवसांचा तात्पुरता जामीन मागता येतो. तो अर्ज वेगळा करा, यात मिसळू नका. पहिल्या वेळी मांडायचा राहून गेलेला मुद्दाही सहसा बदल धरला जात नाही, कारण कागद तेव्हाही तिथेच होता.

एक प्रकरण उलगडून

समजा, चाळीतल्या भांडणात एकाला चाकू लागला. शेजाऱ्याने फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेचं कलम १०९(१) आणि ३(५), आरोपी तिघे. आपला पक्षकार आरोपी क्रमांक तीन. फिर्यादीत म्हटलंय की पहिल्याने चाकू मारला, दुसऱ्याने बुक्के मारले, तिसऱ्याने लोखंडी रॉडने डोक्यात मारलं. अटक ५ जानेवारी २०२५, पहिला रिमांड ६ जानेवारी. सत्र न्यायालयाने १२ फेब्रुवारीला जामीन फेटाळला. कारणं तीन : तपास चालू असून रॉड जप्त व्हायचा आहे, जखमी रुग्णालयात असून त्याचा जबाब व्हायचा आहे आणि फिर्यादीवरून आरोपीने रॉड वापरलेला दिसतो, आरोपी आणि साक्षीदार एकाच चाळीत राहतात.

पहिलं काम, दिवस मोजणं. हत्येचा प्रयत्न आणि त्यात इजा, म्हणजे जन्मठेपेपर्यंत शिक्षा, म्हणून मुदत ९० दिवस. ६ जानेवारी धरून ९० वा दिवस ५ एप्रिल. दोषारोपपत्र २८ मार्चला, ८२ व्या दिवशी आलं. तो रस्ता बंद. जन्मठेपेमुळे कलम ४७९ सुद्धा नाही.

आता कागद. दोषारोपपत्रात जखमीचा २० फेब्रुवारीचा जबाब आहे. त्यात तो म्हणतो की पहिल्याने चाकू मारला, दुसऱ्याने बुक्के मारले, तिसरा ‘तिथे उभा होता आणि शिव्या देत होता’. रॉडचा उल्लेख नाही. इजा प्रमाणपत्रात पोटाच्या डाव्या बाजूला एकच भोसकल्याची जखम, डोक्याला काही नाही. रॉड जप्त झालेलाच नाही. चाकू पहिल्याकडून मिळाला. जखमीला ३ मार्चला घरी सोडलं. प्रयोगशाळेचा अहवाल ९ जूनला न्यायालयात आला : तिसऱ्याच्या कपड्यांवर रक्त नाही. आणि १६ जूनला त्याच न्यायाधीशांनी दुसऱ्या आरोपीला जामीन दिला.

कारणांच्या कागदासमोर हे मांडलं की चित्र स्पष्ट होतं. पहिलं कारण संपलं. दुसरं कारण फिर्यादीवर उभं होतं, आणि आता खुद्द जखमीचा जबाब व वैद्यकीय कागद फिर्यादीला दुजोरा देत नाहीत. हा या अर्जाचा कणा. दुसऱ्या आरोपीवर प्रत्यक्ष मारल्याचा आरोप आहे, आपल्यावर जखमीच्या म्हणण्याप्रमाणे तोही नाही, म्हणून समानतेचा मुद्दाही धरतो. रक्त न सापडणं ही जोडीची गोष्ट. तिच्यावर जोर देऊ नये, कारण लांब उभ्या असलेल्या माणसाच्या कपड्यांवर रक्त नसणारच आणि रॉड मारणाऱ्याच्याही नसू शकतं.

तिसरं कारण मात्र जसंच्या तसं आहे. चाळ तीच, साक्षीदार तेच. अनेक अर्ज इथे पडतात, कारण वकील दोन कारणांचं उत्तर देतात आणि तिसऱ्यावर गप्प बसतात. जिथे बदल दाखवता येत नाही तिथे अट सुचवायची. जखमी आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी होईपर्यंत आरोपी कल्याणला मामाकडे राहील, संबंधित पोलीस ठाण्याच्या हद्दीत पाऊल ठेवणार नाही, दर सोमवारी कल्याणच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावेल. सोबत मामाचं संमतीपत्र, आधार आणि लाईट बिल. असा पत्ता हातात असला की न्यायाधीशांना अट लिहायला जागा मिळते.

अर्जातला मुख्य परिच्छेद साधारण असा उतरतो :

“आरोपीचा पहिला जामीन अर्ज या न्यायालयाने दि. १२.०२.२०२५ रोजी नामंजूर केला (निशाणी अ). त्या आदेशाच्या परिच्छेद ७ मध्ये आरोपीने लोखंडी रॉडचा वापर केल्याचे प्रथमदर्शनी दिसते असे कारण नमूद आहे. त्यानंतर दि. २०.०२.२०२५ रोजी जखमीचा जबाब नोंदवला गेला (दोषारोपपत्र पान ६१, निशाणी ब). त्यात अर्जदाराने रॉडचा वापर केल्याचा उल्लेख नाही. इजा प्रमाणपत्रात (पान ७४, निशाणी क) बोथट हत्याराची एकही इजा नाही. सदर कागदपत्रे पहिल्या आदेशाच्या वेळी उपलब्ध नव्हती.”

शेवटचं वाक्य विसरू नका. पान क्रमांक, तारीख आणि ‘तेव्हा उपलब्ध नव्हतं’ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ‘परिस्थिती बदललेली नाही’ असं म्हणणं अवघड होतं.

अर्ज दाखल करताना

दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. कलम २३० प्रमाणे हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. ती पूर्ण आहे का बघा, पुरवणी जबाब आणि वैद्यकीय कागद अनेकदा गळलेले असतात. आरोपी आर्थर रोड, तळोजा किंवा भायखळ्याला असेल आणि नवीन वकील येत असेल, तर वकीलपत्रावर तुरुंगात सही होऊन ती तुरुंग अधिकाऱ्याकडून साक्षांकित व्हावी लागते. त्याला काही दिवस जातात, म्हणून हे काम आधी सुरू करा. वकील परवडत नसेल तर तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्रात किंवा १५१०० या हेल्पलाइनवर मागणी करता येते.

अर्जाच्या अगदी वर, ठळक दिसेल असं, हा ‘दुसरा जामीन अर्ज’ असल्याचं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये कुशा दुरुका प्रकरणात हे सांगितलं आहे. त्यासोबत आधीच्या सगळ्या अर्जांचा तपशील आणि आदेशांच्या प्रती जोडायच्या, दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात अर्ज प्रलंबित आहे का ते लिहायचं, आणि नसेल तर ‘नाही’ असं स्पष्ट विधान करायचं. त्या प्रकरणात एक याचिका सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असताना ते न सांगता उच्च न्यायालयातून जामीन घेतला गेला होता. म्हणून नवीन वकिलाने आधीच्या वकिलाला आणि घरच्यांना थेट विचारावं : आणखी कुठे काही टाकलंय का? घाबरलेले नातेवाईक दोन वकील एकाच वेळी लावतात आणि एकमेकांना सांगत नाहीत. असं उघडं पडलं तर चांगला अर्जही वाया जातो.

अर्ज शक्यतो त्याच न्यायाधीशांसमोर जायला हवा. त्यांची बदली झाली असेल किंवा काम बदललं असेल, तर ते काम आता ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे. मुंबई सत्र न्यायालयाचं काम फोर्टशिवाय दिंडोशी आणि माझगावलाही चालतं, त्यामुळे पहिला आदेश कुठल्या कोर्टरूमचा होता ते अर्जात लिहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरे न्यायाधीश बसतात म्हणून मुद्दाम त्या वेळी अर्ज टाकण्याची युक्ती करू नका. ती ओळखू येते, आणि बहुधा ‘नियमित न्यायालयासमोर ठेवा’ एवढंच उत्तर मिळतं.

से आणि सुनावणी

अर्ज दाखल झाला की सरकारी वकील आणि तपास अधिकाऱ्याचा से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, मागवला जातो. दुसऱ्या अर्जावरचा से बऱ्याच वेळा पहिल्याचीच नक्कल असते, खाली एक ओळ वाढवलेली : ‘यापूर्वी अर्ज फेटाळला आहे, परिस्थितीत बदल नाही.’ दोन्ही से शेजारी ठेवून वाचा. नव्या से मध्येही ‘रॉड जप्त करणे बाकी आहे’ असं असेल आणि दोषारोपपत्र तर दाखल झालेलं असेल, तर ती विसंगती तुमच्या फार उपयोगाची आहे. उलट से मध्ये नवीन काही असेल, जसं की आरोपीच्या भावाने साक्षीदाराला धमकावल्याची अदखलपात्र तक्रार, तर ती सुनावणीच्या आदल्या दिवशी तरी कळायला हवी. से ची प्रत आधीच मागून घ्या.

पुकारा झाल्यावर पहिल्या अर्जाची सगळी गोष्ट पुन्हा सांगत बसू नका. आदेशाचा तो परिच्छेद उघडा, कारण वाचा, त्यानंतरचा कागद दाखवा, पुढच्या कारणाकडे जा. पहिला आदेश चुकीचा होता असं म्हणायची गरज नसते आणि त्याने नुकसानच होतं. तेव्हाच्या कागदांवर तो आदेश बरोबर होता, आता कागद बदलले, ही भूमिका त्याच न्यायाधीशांना स्वीकारायला सोपी जाते. साक्षी सुरू झालेल्या असतील तर एक सांभाळा. साक्षीदार उलटला म्हणून आरोपी निर्दोष आहे असा निष्कर्ष जामिनात मागू नका, खटला चालू असताना न्यायालय पुराव्याचं वजन करत नाही. महत्त्वाचा साक्षीदार तपासून झाला, आता त्याच्यावर दबाव यायची भीती उरली नाही, एवढंच म्हणा.

न्यायाधीशांचा कल नकाराकडे दिसला तर

सुनावणीत तसं जाणवलं की वकिलासमोर लगेच प्रश्न येतो : अर्ज मागे घ्यायचा की आदेश होऊ द्यायचा? हे तुम्ही कुठे उभे आहात आणि पुढे कुठे जाणार यावर ठरवा. सत्र न्यायालयात असाल आणि पुढे उच्च न्यायालयात जायचं असेल, तर आदेश होऊ द्या. तिथे पहिला प्रश्न येतो तो सत्र न्यायालयाने काय म्हटलं हा. मात्र नव्या कागदांचा उल्लेख आदेशात यावा म्हणून ते निशाणी क्रमांकासह लेखी युक्तिवादात देऊन ठेवा. आदेशात त्यांच्याकडे लक्षच दिलेलं नसेल, तर उच्च न्यायालयात तोच तुमचा पहिला मुद्दा.

उच्च न्यायालयात असाल तर बहुतेक वेळा उलट करणं शहाणपणाचं असतं. सहभागावर प्रतिकूल निरीक्षणं लिहिली गेली तर ती पुढे खालच्या न्यायालयात सारखी समोर येतात. त्यापेक्षा पुन्हा अर्ज करण्याची मुभा घेऊन मागे घ्यावा, आणि ती मुभा आदेशात नेमक्या शब्दांत उतरली आहे का ते बघावं : किती काळाने, कोणती गोष्ट घडली किंवा घडली नाही तर. ‘सहा महिन्यांत खटल्यात भरीव प्रगती झाली नाही तर’ अशी मुभा मिळाली असेल, तर त्या दिवसापासून प्रत्येक तारखेचा रोजनामा काढत राहा आणि आपल्या बाजूने एकही मुदत मागू नका. सहा महिन्यांनी पुढच्या अर्जाला जोडायचा कागद तोच असणार आहे.